तुम्ही विचारलंत म्हणून: आईला स्टेशनवरून आणायचंय

‘आई मुंबईहून एकटीच कोल्हापूरला येतेय. मित्राला स्टेशनवर जायला सांगायचंय. मेसेजमध्ये नेमकं काय लिहू?’

सगळ्यात आधी वार लिहा, आणि तो पोहोचण्याचा. महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून रात्री सुटते आणि सकाळी इथं येते. तिकिटावर मोठ्या अक्षरात दिसते ती चढण्याची तारीख. ‘आई शुक्रवारच्या महालक्ष्मीनं येतेय’ असं लिहिलंत, तर मित्र शुक्रवारी सकाळी फलाटावर उभा राहील आणि आई तेव्हा मुंबईत बॅग भरत असेल. स्टेशनजवळच राहत असल्यामुळं असे निरोप माझ्याकडं बरेच येतात, म्हणून मी आता पहिला प्रश्न हाच टाकतो : सुटतेय शुक्रवारी की पोहोचतेय?

मी असा मेसेज लिहीन :

‘भावा, आई शनिवारी सकाळी सात-साडेसातला पोहोचतेय. महालक्ष्मी, गाडी नंबर १७४११, शुक्रवारी रात्री मुंबईहून सुटणारी. डबा एस ४, बर्थ १७. हिरवं नऊवारी, हातात एक चॉकलेटी बॅग आणि एक कापडी पिशवी. गुडघा दुखतो, जिना नको. तिचा नंबर खाली दिलाय, तुझा तिला दिलाय.’

तिकीट वेटिंग किंवा आरएसीचं असेल तर डबा-बर्थ आत्ता लिहू नका. चार्ट लागल्यावर कळवा.

वेळेचं काय? घड्याळ बघून घर सोडायला सांगू नका. मिरजेहून कोल्हापूरपर्यंतचा मार्ग एकेरी आहे. समोरची गाडी येईपर्यंत आपली गाडी मधेच थांबते. उलट शेवटच्या टप्प्याला वेळापत्रकात थोडी सैल वेळ धरलेली असते, त्यामुळं मिरजेत उशिरा आलेली गाडी कधी कधी इथं जवळपास वेळेत लागते. मित्राला मोबाईलवर गाडी कुठं आहे ते बघायला सांगा आणि हातकणंगले सुटली की निघ म्हणा. शहरातून यायला तेवढा वेळ पुरतो. फलाटावर जायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट काढायला विसरू नको, हेही सांगा. पाहुण्याला आणायला जाऊन दंड भरणं बरं नव्हे.

आईला मात्र वेगळं सांगायचं. कोल्हापूर शेवटचं स्टेशन, गाडी पुढं जात नाही. तेव्हा घाईनं दारात येऊन उभं राहायचं नाही. गर्दी उतरू दे, मग सावकाश उतरून डब्यासमोरच थांबायचं. मित्र बाहेर रिक्षांजवळ आणि आई डब्याजवळ, दोघंही ‘मी इथंच आहे’ म्हणतायत, हा खेळ मी बघितलाय.

पण गाडी मिरजेपर्यंतचीच असेल, तर ती गोष्ट निराळी. मिरज कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटर. एवढ्या लांब मित्राला पाठवण्यापेक्षा आईला तिथून पुढची गाडी किंवा एसटी आधीच बघून द्या.

विमानानं उजळाईवाडीला येणार असेल तर फ्लाइट नंबर आणि वार पुरे. बॅगा घेऊन माणूस बाहेर येतोच, डबा शोधायची भानगड नाही.