आमची वाटचाल : एक कचेरी, तीन वेळा

फोर्टमधल्या आमच्या कार्यालयात इमारतींची स्ट्रक्चरल ड्रॉइंग तयार होतात. आम्ही बारा जण, बहुतेक कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरारकडून येणारे. पूर्वी सगळ्यांची वेळ साडेनऊ ते सहा होती. आता काही जण आठला येतात, काही साडेनऊला, काही साडेअकराला. दिवस सगळ्यांचा साडेआठ तासांचाच, जेवणाची सुट्टी धरून.

वेळ अर्ध्या तासाने सरकवून काही साधत नाही. सकाळची गर्दी चांगली दोन-अडीच तास टिकते. साडेनऊचे दहा केले तर माणूस त्याच गर्दीतल्या दुसऱ्या गाडीत चढतो, एवढेच. कल्याणहून सीएसएमटीला फास्ट लोकलने तास-सव्वा तास लागतो. म्हणजे आठच्या माणसाला साडेसहाची गाडी पुरते आणि साडेअकराच्या माणसाला दहाची. परतीचे गणित मात्र सारखे नाही. साडेचारला सुटणारा गर्दीच्या आधी निसटतो, आठला सुटणाऱ्याला तिची शेपटी गाठतेच. त्यामुळे आठची वेळ सगळ्यांनाच हवी असते. पाळणाघराची वेळ आणि प्रवासाचे अंतर पाहून ती दिली जाते. दर आठवड्याला पाळी फिरवण्यात अर्थ नाही, घरची सगळी घडी विस्कटते.

एकत्र वेळ किती उरेल हे काढायला दिवसाच्या तासांतून पहिल्या आणि शेवटच्या सुरुवातीमधले अंतर वजा करायचे. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी ९:३० ते ५:४५ आणि ११:३० ते ७:४५ अशा वेळा ठेवल्या. सव्वाआठ तासांतून दोन गेले, सव्वासहा राहिले. आमचे अंतर साडेतीन तासांचे, म्हणून ११:३० ते ४:३० एवढे पाचच तास सामाईक. त्यात जेवण आणि उशिरा आलेल्या लोकलची सवड धरून बैठका दुपारी १२ ते १ आणि २:३० ते ४ यांतच बसवतो.

चारनंतर बैठक नाही हा नियम सगळ्यात आधी ढिला पडतो. "पाचच मिनिटं" म्हणत पाच वाजतात, आठला आलेला माणूस साडेपाचच्या लोकलला लोंबकळतो आणि पहाटे उठल्याचे चीज होत नाही. वेळापत्रक चालते आहे का, हे येण्याच्या हजेरीवरून कळत नाही. आठच्या गटाची जाण्याची वेळ बघावी. ती महिनाभर पाचच्या पुढे दिसली, तर बैठका कोण लांबवतो ते शोधावे. आमच्याकडे बहुधा क्लायंटचे फोन निघाले.

ड्राफ्ट्समन आठचा आणि तपासणारा साडेअकराचा असला तरी बिघडत नाही. दुपारी तीनला दिलेले ड्रॉइंग रात्री आठपर्यंत तपासून होते आणि दुरुस्त्या सकाळी टेबलावर हजर असतात. अडते ते साडेचारनंतर पडलेल्या शंकेपाशी. ती फोनवर न विचारता ड्रॉइंगवरच ढगाची खूण करून लिहायची, असे ठरले आहे.

किल्ली आठच्या दोघांकडे असते, एकाकडे कधीच नाही.