थाई कलीग्सची पासपोर्टवरची नावं गोळा करताना: माझा अनुभव

मी थायलंडमध्ये रयाँगजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधे ऑटो पार्ट्सच्या प्लांटवर काम करतो. आमच्या इथल्या लाईनवरच्या काही लोकांना ट्रेनिंगसाठी चाकणला पाठवायचं ठरलं आणि तिकिटं, ई-व्हिसा, हॉटेल हे सगळं बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्याचा आणि दोन्हीकडच्या लोकांशी बोलू शकतो म्हणून. वाटतं साधं काम आहे, नावं घ्या आणि फॉर्म भरा. पण थायलंडमधे "नाव सांग" या प्रश्नाला दोन पूर्णपणे वेगळी उत्तरं असतात आणि ती एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. ज्यांना थाई टीमसोबत असं काही करायचंय त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

प्लांटकडून आलेली पहिली लिस्ट अशी होती: K.Nok, K.Lek, P'Bank, N'Ploy, P'Golf, N'Ploy (QC). बस, एवढंच. पुण्याच्या एचआरला वाटलं K. म्हणजे इनिशियल, म्हणून त्यांनी "के चा फुल फॉर्म पाठवा" असा मेल केला. K. म्हणजे खुन, आपल्या श्री किंवा ताईंसारखं आदरार्थी, बाई-पुरुष दोघांनाही चालतं. P' म्हणजे पी, वयाने मोठा किंवा मोठी. N' म्हणजे नोंग, वयाने लहान. आणि पुढचं नोक, लेक, बँक, प्लोय, गोल्फ हे सगळं छू-लेन, म्हणजे घरात जन्मापासून ठेवलेलं हाक मारायचं नाव. नोक म्हणजे पक्षी, लेक म्हणजे छोटा, प्लोय म्हणजे रत्न, आणि बँक, गोल्फ, बेन्झ, आईस ही इंग्लिश नावं तर आता घरोघरी आहेत. हे आपल्या बंड्या-पिंकीसारखं फक्त घरात नाही चालत, मॅनेजर, डॉक्टर, आमदार-खासदार सगळ्यांना तेच चालतं. पेपरात पंतप्रधानांचाही उल्लेख छू-लेनने होतो, प्रयुत चान-ओचांना "बिग तू" म्हणायचे, यिंगलक शिनावात्रांचं नाव पू म्हणजे खेकडा. आपल्याकडे बॅडमिंटन बघणाऱ्यांना सांगायचं तर २०२३ चा वर्ल्ड चॅम्पियन कुनलावुत वितिदसार्न म्हणजे "व्ह्यू" आणि २०१३ ची रात्चानोक इंतानोन म्हणजे "मे".

आता बघा, लाईनवर नोकच्या शेजारी वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला मी विचारलं की नोकचं खरं नाव काय, तर तो थांबला, विचार केला आणि म्हणाला माहीत नाही. तो काही लपवत नव्हता, खरंच माहीत नव्हतं. दुसरा म्हणाला, मी तिला प्रॉम्प्टपेने जेवणाचे पैसे पाठवतो तेव्हा स्क्रीनवर येतं, थांब बघतो. प्रॉम्प्टपे म्हणजे इथलं यूपीआयसारखं, फोन नंबर टाकला की पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं, आणि कितीतरी थाई लोकांना जवळच्या मित्राचं सरकारी नाव पहिल्यांदा तिथेच कळतं. लाईन नावाच्या चॅटिंग ॲपवर पण सगळे "Ploy QC", "Bank Store" असेच सेव्ह असतात. मी त्या स्क्रीनवरचं नाव काही वापरलं नाही, कारण ते बहुतेक वेळा थाई लिपीत असतं आणि आपल्याला पासपोर्टवरचं रोमन स्पेलिंग अक्षर न अक्षर तसंच हवं असतं.

स्पेलिंगचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. थाई नावं बरीचशी संस्कृत-पालीवरून येतात, लिहिताना मूळ अक्षरं जपतात आणि बोलताना थाई उच्चार होतो. माजी पंतप्रधान अभिसित यांचं आडनाव इंग्लिशमधे Vejjajiva लिहितात, त्यात आपल्याला वैद्य आणि जीव सरळ दिसतात, पण थाई माणूस ते वेत्चाचीवा असं काहीतरी म्हणतो (त्यांचं छू-लेन मार्क). त्यामुळे कानाने ऐकून टाईप केलं तर हमखास चुकतं. एकच थाई नाव दोन माणसं रोमनमधे वेगवेगळं लिहितात, एकाचं Nat तर दुसऱ्याचं Nut, आणि दोघांच्याही पासपोर्टवर तसंच छापलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच नियम केला, तोंडी नाव घ्यायचं नाही, पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्कॅनच घ्यायचा आणि वरच्या भागातलं नाव टाईप करायचं. खालच्या दोन मशीनच्या ओळी असतात त्यातून कॉपी करू नका, तिथे नावाला ३९ अक्षरांचीच जागा असते आणि लांब थाई नाव असेल तर ते कापलेलं असू शकतं.

एवढी लांब नावं आली कुठून हे मी आमच्या एचआरमधल्या एका वयस्कर बाईंना विचारलं, सगळे त्यांना पी म्हणतात. त्यांनी सांगितलं आणि नंतर मी वाचलंही. थायलंडमधे सामान्य माणसाला आडनावच नव्हतं, १९१३ मधे राजा वजिरावुध म्हणजे सहावे राम यांनी कायदा करून ते सक्तीचं केलं आणि स्वतः ६००० च्या वर आडनावं लोकांना दिली. पुढे १९६२ च्या कायद्यात पण हेच राहिलं की नवीन आडनाव आधी कोणाचं असता कामा नये, आणि त्यात दहापेक्षा जास्त व्यंजनं नकोत. म्हणजे एक आडनाव एकाच कुटुंबाचं. आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे किती आहेत, तिथे दोन माणसांचं आडनाव एक असेल तर ते नातेवाईकच समजायचे. आता छोटी सुटसुटीत आडनावं सगळी आधीच्यांनी घेतलेली, तर नंतर ज्या चिनी वंशाच्या कुटुंबांनी थाई आडनावं घेतली त्यांना शब्दाला शब्द जोडून लांबच लांब करावी लागली. लांबी म्हणजे शोभेचा हट्ट नाही, कायद्याने दुसऱ्यासारखं नको म्हटलं की नाव वाढतच जातं. आणि असं आडनाव रोज हाक मारायला काय कामाचं, ते मुळात नोंदणीसाठीच बनलंय. म्हणून इथे फॉर्मल बोलतानाही खुन नंतर पहिलं नावच लावतात, आडनाव नाही, आणि याद्यासुद्धा पहिल्या नावाने लावतात. आमची एचआरची शीट पण तशीच होती, पुण्याच्या लोकांना हे आधी सांगा नाहीतर ते आडनावाने सॉर्ट करून शोधत बसतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नोकच्या केसमधे. एचआरच्या शीटमधे तिचं पहिलं नाव एक, पासपोर्टवर भलतंच. मी म्हटलं स्कॅन दुसऱ्या कोणाचा आलाय. आधी जन्मतारीख लावून बघितली. एचआरच्या शीटमधे २५३३ साल होतं, ते बौद्ध संवत, त्यातून ५४३ वजा केले की १९९०, आणि पासपोर्टवर १९९०च होतं. दिवस-महिना पण तोच, फोटो पण तिचाच. मग तिलाच विचारलं तर अगदी सहज म्हणाली, हो, मी नाव बदललं, तब्येत सारखी बिघडायची, तर आईने देवळात भिक्खूंना विचारलं आणि त्यांनी नवीन नाव काढून दिलं.

इथे हे अजिबात विशेष नाही. जन्माच्या वारावरून प्रत्येकाला काही अक्षरं अशुभ मानतात, त्यांना कालकिणी म्हणतात, सोमवारी जन्म असेल तर नावात स्वरांची चिन्हंच नकोत असं मानतात. आजारपण, धंद्यात खोट, लग्न जमत नाही, अशा वेळी लोक जिल्हा ऑफिसला जाऊन पहिलं नाव बदलून येतात, प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावरून ओळखपत्र, बँक, पासपोर्ट सगळं बदलतं. ब्लॅकपिंकची लिसा पण जन्माच्या वेळी प्रानप्रिया होती, लालिसा नंतर झाली.

मी नोकला विचारलं, मग घरी नवीन नावाने हाक मारतात का. तिला प्रश्नच विचित्र वाटला. घरी नोकच, कायम नोक. आणि इथे मला समजलं की ही पद्धत का टिकून आहे. मला आधी वाटायचं की मोठी नावं बोलायला अवघड म्हणून छोटं नाव, पण प्लांटवर दोन अक्षरी सोपं सरकारी नाव असलेलेही आहेत आणि त्यांनाही छू-लेननेच बोलावतात. सरकारी नाव हे सरकारचं, ज्योतिषाचं, हजेरीपटाचं, ते पाहिजे तेव्हा बदलता येतं. माणूस म्हणून जो धागा लहानपणापासून सलग राहतो तो छू-लेनचा. पूर्वी तर म्हणे बाळाला भुताखेतांची नजर लागू नये म्हणून मुद्दाम बेडूक, डुक्कर अशी नावं ठेवायचे, जसं आपल्याकडे मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू ठेवायचे. ती भीती बऱ्यापैकी गेली आणि नाव ठेवायची रीत राहिली.

दुसरं कारण मला रोज लाईनवर दिसतं. थाई बोलताना समोरचा मोठा की लहान हे ठरवल्याशिवाय वाक्य नीट सुरूच होत नाही, आणि पी किंवा नोंगच्या पुढे छू-लेन इतकं सहज बसतं की एकदा "पी बँक" म्हटलं की नातं, आदर आणि आपुलकी तिन्ही एका दमात होतात. कितीतरी मुली तर "मी" च्या जागी स्वतःचं छू-लेनच वापरतात, "प्लोय जेवली नाही अजून" असं. पासपोर्टवरच्या नावाने ही वाक्यं बनूच शकत नाहीत. ज्या दिवशी कोणी मित्राला पूर्ण नावाने हाक मारतं त्या दिवशी काहीतरी ऑफिशियल किंवा गंभीर आहे हे सगळ्यांना कळतं.

असो, फॉर्मकडे येतो. भारताच्या ई-व्हिसाच्या फॉर्ममधे आडनाव आणि नाव वेगळे कॉलम असतात आणि नाव कधी बदललं होतं का असा बॉक्स असतो. तो थाई लोकांसाठी न विचारता रिकामा सोडू नका, प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनाही. नोकसाठी तो बॉक्स टिक केला, जुनं नाव तिच्या प्रमाणपत्रावरून भरलं आणि प्रमाणपत्राचा फोटो जवळ ठेवला. व्हिसा व्यवस्थित आला.

दोन प्लोयपैकी एकीचा स्कॅन दुसरीच्या फोल्डरमधे येऊन पडला होता, तो एम्प्लॉयी नंबरमुळे लगेच सापडला. म्हणून शीटमधे मी पहिला कॉलम एम्प्लॉयी नंबरचाच ठेवला, मग छू-लेन सोबत डिपार्टमेंट, मग पासपोर्टवरचं नाव आणि आडनाव वेगवेगळं, जुनं नाव, आणि जन्मसाल इसवीत. तिकीट, व्हिसा आणि हॉटेल या तिन्ही ठिकाणी फक्त पासपोर्टचे कॉलम जातात, भारतात हॉटेलवाल्यांना परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारकडे भरून द्यावी लागते, तिथे छू-लेन दिलं तर रिसेप्शनवरच अडतं. चाकणच्या गेटपासवर मात्र मी हट्टाने छू-लेन मोठ्या अक्षरात आणि पासपोर्टवरचं नाव खाली बारीक छापून घेतलं. सिक्युरिटीला खालचं पुरतं आणि लाईनवरच्या मुलांना वरचं. आता चाकणची पोरं फोनवर विचारतात, नोकताई परत कधी येणार.