बाईंच्या निरोपाचा स्लाइड शो: आराखडा तिसऱ्यांदा मोडला

मागच्या वेळी लिहिलं होतं की आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंच्या सेवापूर्तीसाठी फोटो गोळा करतोय. बाईंची जन्मतारीख 1 जून, म्हणजे निवृत्ती 31 मे रोजी. पण मे महिन्यात शाळेत कोण असणार? म्हणून कार्यक्रम शनिवारी, 25 एप्रिलला ठरलाय. सकाळी दहाला, पत्र्याच्या सभागृहात. वेळ आणि जागा आधी सांगतोय, कारण अर्धा आराखडा त्यावरच ठरला.

पहिला आराखडा सालवार होता: 1992 ची नेमणूक, मग बदल्या, मग आमची शाळा. 212 फोटो झाले आणि घरी लावून पाहिलं तर विसाव्या मिनिटाला माझी बायकोच उठून चहा ठेवायला गेली. दुसरा विषयवार केला: सहली, स्नेहसंमेलनं, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी. तेव्हा खरी अडचण दिसली. आपल्याकडे शाळेचे जुने फोटो निघाले ते फक्त सणासुदीला. बाई फळ्यासमोर उभ्या आहेत असा 2010 च्या आधीचा एकही फोटो मिळाला नाही. आणि मुलांना आठवतं ते नेमकं तेच, साध्या दिवसांतलं.

म्हणून आता उलटं केलंय. आधी आठवणी, मग त्यांना लागतील तेवढेच फोटो.

आठवणी मागवतानाही चुकलो होतो. 'बाईंबद्दल दोन शब्द पाठवा' असं ग्रुपवर टाकलं आणि सगळ्यांचं एकच उत्तर, 'बाई खूप प्रेमळ होत्या'. मग एकेकाला फोन करून विचारलं, 'बाई तुला कशावरून ओरडल्या होत्या?' तिथून बांध फुटला. एकजण आज ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतो. त्याच्या पाढ्यांच्या वहीत बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'अक्षर सुंदर, सतरा चुकीचा.' वही त्याच्या आईनं जपून ठेवलीय! त्या पानाचा फोटो काढला आणि तीच त्याची स्लाइड. ज्या आठवणींना फोटो नाही त्यांना अशा वस्तू शोधतोय: प्रगतिपुस्तकावरची सही, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, बाईंची सायकल लागायची तो कडुनिंब.

हिशोब असा बसलाय. पाच जण बोलणार, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे साडेसात मिनिटं. वर्गाचे गटफोटो 10, प्रत्येकी 15 सेकंद. गटफोटोला एवढा वेळ लागतोच, कारण माणूस आधी स्वतःला शोधतो आणि मग शेजारच्याला कोपर मारतो. बाकीचे 30 फोटो सहा-सहा सेकंद. एकूण 13 मिनिटं. प्रत्येक बोलणाऱ्याआधी दोन-तीन फोटो, मग त्याची एक स्लाइड आणि लगेच पूर्ण काळी स्लाइड. फोटो पडद्यावर राहिला की लोक फोटो बघतात, बोलणाऱ्याचं ऐकत नाहीत. पुढचा फोटो त्याचं बोलणं संपल्यावरच, हातानं. आपोआप बदलणाऱ्या स्लाइड इथे चालणार नाहीत. माणूस मध्येच गहिवरला तर यंत्र थांबत नाही.

स्कॅनिंगचं थोडक्यात: सहा बाय चारचे प्रिंट 600 डीपीआयला घेतले. पूर्ण फोटो दाखवायला 300 पुरलं असतं, पण गटफोटोतून एकच चेहरा कापून मोठा करायचा तर 300 ला तो फुटतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, एक कोपरा मी फाडून बसलोय. बाकीचे पानासकट स्कॅन केले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सगळे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवले.

परवा सभागृहात चाचणी घेतली. सकाळी दहाला पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन थेट पडद्यावर, आणि जुने काळेपांढरे फोटो नुसते राखाडी. सतरंज्या टांगून पाहिल्या, बरंच जमलं. तरी पडदा आता पश्चिमेऐवजी पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे प्रकाश त्याच्या मागून येईल. शाळेच्या लॅपटॉपवर माझा फॉन्ट नव्हता, वेलांट्या अक्षरांपासून सुटून पळाल्या. आता सगळं पीडीएफ करून नेणार, काळ्या स्लाइडही त्यातच.

एक गोष्ट अजून अडलीय. 2003 च्या गटफोटोत एक मुलगा आहे, तो पुढे अपघातात गेला. त्याचे आईवडील कार्यक्रमाला येणार आहेत. फोटो काढून टाकणं मला बरं वाटत नाही आणि न सांगता समोर आणणं तर त्याहून वाईट. रविवारी प्रिंट घेऊन त्यांच्या घरी जातोय. ते म्हणतील तसं.