कामिनीची रेकॉर्ड आणि वाया गेलेले सहा आठवडे

रेकॉर्ड मला एका सकाळी मिळाली. ती ऐकायला मात्र सात आठवडे लागले, आणि त्यातले सहा एका दुकानाच्या कपाटात गेले. त्या सहा आठवड्यांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

ठाण्यात घोडबंदर रोडला एका मैदानात रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. कंदील, पितळी डबे, कॅमेरे आणि एका ताडपत्रीवर रेकॉर्डचे गठ्ठे. लोक प्लास्टिकच्या एलपी रेकॉर्ड उचलत होते. जाड, काळ्या, लाखेच्या रेकॉर्ड्सकडे कुणी बघत नव्हतं. विक्रेता मुलगा म्हणाला, "काका, या वाजत नाहीत, भिंतीवर लावायला घेतात." मी तिथेच मांडी घालून बसलो. चाळिसेक रेकॉर्ड्स उलटल्यावर 'महल' चित्रपटाचं लेबल दिसलं. त्यावर 'आएगा आनेवाला', संगीतकार खेमचंद प्रकाश, आणि गायिकेच्या जागी एकच नाव: कामिनी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कामिनी ही 'महल'मधली मधुबालाची भूमिका. 1949 साली रेकॉर्ड निघाली तेव्हा गायिकेचं नाव छापलंच नव्हतं, पात्राचं नाव छापलं होतं. हे गातंय कोण, असं रेडिओ ऐकणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. आमच्या नौपाड्यातल्या बिऱ्हाडात हीच रेकॉर्ड होती. आठ वर्षांचा होईपर्यंत गाणारीचं नाव कामिनी आहे असं मी धरून चाललो होतो, आणि वर्गात त्यावरून एकाशी हातघाईवर आलो होतो. वडिलांनी खरं नाव सांगितलं ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. पुढे जागा बदलताना ट्रंकेत रेकॉर्ड्सवर पाटा ठेवला गेला आणि आमची 'कामिनी' मधोमध फुटली.

नातू म्हणाला, "आजोबा, मोबाइलवर आहे की गाणं." आहे, मी रोज ऐकतो. पण मोबाइलवर ते सलग वाजतं. लाखेच्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात, त्यामुळे हे लांबलचक गाणं दोन बाजूंवर विभागलेलं होतं. पहिली बाजू संपली की उठायचं, रेकॉर्ड उलटायची, सुई बदलायची, चावी द्यायची. आमच्या घरी ते काम माझं होतं. त्या मधल्या शांततेत कुणी बोलायचं नाही, असा आईचा नियम होता. माझ्यासाठी ती शांतता गाण्याचाच भाग आहे.

विक्रेत्या मुलाने आठशे सांगितले, पाचशेला दिली. घेताना मी एक काळजी घेतली. रेकॉर्ड मधल्या भोकात बोट घालून लटकती धरली आणि कडेला नखाने टिचकी मारली. अखंड रेकॉर्ड खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण वाजवताना दर फेरीला टक्‌ टक्‌ करतो.

आता दुकानाकडे येतो. शहरातच एका दुकानावर पाटी होती की सर्व प्रकारच्या रेकॉर्ड्स स्वच्छ करून पेन ड्राइव्हवर मिळतील. माझ्याकडे प्लेअर नाही, म्हणून गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी पावती केली, निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि "आठ दिवसांत" म्हणाले. नवव्या दिवशी गेलो, तर मशीन दुरुस्तीला गेलेलं. तिसऱ्या आठवड्यात मशीन आलं होतं, पण माणूस गावाला गेला होता. चौथ्या आठवड्यात मी फोन केला तर "आजोबा, तुमचं काम लाइनमध्ये आहे." मी विचारलं, "अहो, माझ्यापुढे किती जण आहेत?" उत्तर मिळालं नाही. पाचव्या आठवड्यात दुकान बंद. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी तीन जिने चढून बंद शटर पाहिलं की काय वाटतं, ते मी इथे लिहीत नाही.

सहाव्या आठवड्यात न कळवता गेलो, म्हणून वाचली. आतल्या टेबलावर माझी रेकॉर्ड दुसरी बाजू वर करून पडलेली आणि एक मुलगा बाटलीतलं काहीतरी कापसावर घेऊन तिला पुसत होता. वास दवाखान्यातल्या स्पिरिटचा. मी ओरडलो. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात, आणि ही रेकॉर्ड त्याच लाखेची! एलपी प्लास्टिकच्या जातीची असते, तिला असले द्राव चालतात. लाखेची रेकॉर्ड त्याने विरघळते. कापूस काळा झाला होता, तो मुलाला मळ वाटत होता. ती रेकॉर्डच निघत होती. कडेपासून आत अंगठ्याएवढा पट्टा चकाकी जाऊन राखाडी पडला होता. त्या पोराचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण पाटीवर 'सर्व प्रकारच्या' लिहिणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं. आगाऊ दिलेले पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. रेकॉर्ड छातीशी धरून खाली उतरलो.

त्यांचं मशीनही मी पाहिलं. लाखेच्या रेकॉर्ड मिनिटाला 78 फेऱ्यांनी वाजतात, त्या 78 चं बटण त्यावर होतं, पण सुई एलपीचीच. लाखेच्या रेकॉर्डची खाच एलपीच्या खाचेपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असते. बारीक सुई त्यात तळाला जाते आणि तळाची धूळ वाजवत बसते. तेव्हा कुठेही रेकॉर्ड द्यायच्या आधी दोनच प्रश्न विचारा: पुसणार कशाने, आणि 78 साठी वेगळी सुई आहे का? पहिल्या दिवशी मी हे विचारलं असतं तर तो पट्टा पडला नसता.

पुढचं काम कळव्याच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने दुपारभरात केलं. व्याह्यांच्या ओळखीचे. त्यांनी लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची वाटी दाबून धरली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवला, आडवा नाही. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन लगेच सुती कापडाने टिपून घेतली. लाखेला पाण्यात फार वेळ ठेवायचं नसतं. ब्रशखालून सत्तर वर्षांची धूळ गढूळ होऊन निघाली आणि खाचा उन्हात चमकल्या.

हो, एक राहिलं. घरी आणताना रेकॉर्ड उभी ठेवा आणि वर काही ठेवू नका. आमचा पाटा मला अजून दिसतो.

त्यांनी जाड सुई लावली. पहिल्या बाजूवर आधी दगडी खरखर, मग ते घड्याळाचे टोल, मग आवाज. मी डोळे मिटले. बाजू संपल्यावर ते उठू लागले, तेव्हा मी म्हटलं, "थांबा, मी उलटतो." हात थरथरत होते, तरी उलटली. दुसऱ्या बाजूचा पहिला मिनिटभर, जिथे पट्टा पडलाय तिथे, दर फेरीला एकदा 'सर्र' होतं. मग पट्टा संपला आणि गाणं स्वच्छ झालं.

पेन ड्राइव्हवर घेताना त्यांनी विचारलं, "काका, दोन्ही बाजू जोडून मधली जागा काढून टाकू?" मी म्हटलं, नको. रेकॉर्ड उलटायला लागले तेवढे वीस-बावीस सेकंद तसेच राहू दे.