आमची वाटचाल: ॲडव्हान्सपासून नेट मीटरपर्यंत

रत्नागिरीत आम्ही घरं, हॉटेलं आणि काजूच्या कारखान्यांच्या छपरांवर सोलर बसवतो. माणसं अकरा. पॅनेल वेळेवर चढायची, पण शेवटचा हप्ता गिऱ्हाईक नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, लागल्यावरच देतं, आणि तिथेच आमचे पैसे अडकायचे. मीटर लागेपर्यंत बिलही कमी होत नाही, म्हणून गिऱ्हाईकही नाराज.

इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवलेली आणि १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी गूगलमध्ये नेलेली ओकेआरची पद्धत आम्ही जानेवारीत सुरू केली. यात एक उद्दिष्ट ठरवायचं आणि ते गाठलं का हे मोजणारा आकडा, म्हणजे की रिझल्ट, त्याला जोडायचा. उद्दिष्ट ठरलं: सोलरचा फायदा गिऱ्हाइकाच्या बिलात लवकर दिसावा. की रिझल्ट ठरला: ॲडव्हान्स मिळाल्यापासून नेट मीटर लागेपर्यंतचे दिवस ६० वरून ४० वर आणायचे. मग प्रत्येकाकडून कामं लिहून घेतली. सर्व्हेचा नवा फॉर्म, स्ट्रक्चर आधीच कापून साइटवर नेणं, अर्थिंगचा चाचणी अहवाल, हस्तांतराची फाइल. मार्चअखेर बहुतेक कामं पूर्ण झाली होती. दिवस मात्र सरासरी ६१.

आमची चूक त्या यादीतच होती. कामं उद्दिष्टाच्या खाली लिहिली होती, पण कोणतं काम किती दिवस वाचवणार हे एकाही कामापुढे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे काम झालं की आम्ही टिक करायचो आणि निकाल आपोआप येईल असं धरून चालायचो.

एप्रिलमध्ये त्या तिमाहीच्या नऊ साइटच्या फाइली काढून बसलो आणि प्रत्येकीचे दिवस टप्प्यांत तोडले: सर्व्हे, कागदपत्रं, बांधणी, वीज कंपनीची तपासणी, मीटर. पहिली गोष्ट दिसली ती ही की एकाच साइटला १५१ दिवस लागले होते आणि तिनेच सरासरी फुगवली होती. दिवस चढत्या क्रमाने मांडले तर मधली साइट ५२ दिवसांची होती. नऊच साइट असल्या की सरासरी अशी फसवते, म्हणून तेव्हापासून आम्ही मधला आकडाच धरतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. बांधणीला चार ते सहा दिवसच लागत होते. स्ट्रक्चर आधी कापून नेल्याने त्यातला फार तर एक दिवस वाचला असता. खरा वेळ कागदांत जात होता. आपल्याकडे घराचं बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, आजोबा वारलेले, घर सामाईक आणि चुलते मुंबईला. अर्जदाराचं नाव आणि बिलावरचं नाव जुळत नाही, मग आधी नावबदल आणि त्यासाठी सगळ्यांच्या सह्या. १५१ दिवसांची साइट हीच होती. काही घरांचा मंजूर भार सोलरच्या क्षमतेपेक्षा कमी निघायचा, मग भारवाढीचा वेगळा अर्ज.

म्हणून पुढच्या तिमाहीत बोर्डावर प्रत्येक कामापुढे तीन रकाने आले: कोणता टप्पा, किती दिवस वाचतील असा अंदाज, आणि ते कोणत्या तारखेला तपासायचं. बोर्डावर सगळ्यात वर आलं एक साधं काम: ॲडव्हान्स घेण्याआधी बिलाचा फोटो आणि घरपट्टीची पावती मागवून नाव आणि भार जुळवणं. अंदाज होता १२ दिवसांचा. चाचणी अहवालापुढे शून्य आलं. तो अहवाल सुरक्षेसाठी लागतोच, म्हणून तो 'नेहमीची कामं' अशा वेगळ्या ओळीत गेला. प्रत्येक काम ओढूनताणून की रिझल्टशी जोडलं की जोडणीला अर्थ राहत नाही.

वीज कंपनीची तपासणी आमच्या हातात नाही. म्हणून दिवसांचे दोन भाग केले: आमचे आणि बाहेरचे. की रिझल्ट फक्त आमच्या दिवसांवर ठेवला, बाहेरचे नुसते नोंदवतो.

जूनअखेर मधल्या साइटचे आमचे दिवस ३१ वरून २२ वर आले. म्हणजे १२ चा अंदाज ९ वर थांबला, कारण नाव जुळत नाही हे आधी कळलं तरी सह्या मिळायला वेळ लागतोच. यात एक खोचही आहे. दिवस ॲडव्हान्सपासून मोजतो, आणि अडकलेल्या घराचं ॲडव्हान्स आता आम्ही कागद जुळेपर्यंत घेत नाही. त्यामुळे आकडा थोडा त्यानेच सुधारला. म्हणून आता पहिल्या भेटीची तारीखही लिहितो.

पावसाळ्यात छपरावर चढता येत नाही, तेव्हा जुलै ते सप्टेंबरचा की रिझल्ट वेगळाच ठरवला: दसऱ्याआधी दहा घरांच्या फाइली सह्यांसकट तयार. गणपतीत चाकरमानी घरी येतात, भाऊ-चुलते एका पडवीत बसलेले असतात. आमची ऑफिसातली मुलगी संमतीपत्रं घेऊन तेव्हाच त्या घरांना गेली. दहापैकी सात फाइली तयार झाल्या. उरलेल्या तीन घरांत सहीवरून भाऊबंदकी आहे, आणि ती कामं आम्ही बोर्डावरून खाली उतरवली आहेत.