भाव जुळवून देतो, पण...

आज तपकीर गल्लीतल्या दुकानात एक मुलगा मोबाईल पुढे धरून म्हणाला, "काका, हाच हेडफोन ऑनलाइन २१२४ला आहे, तुम्ही २३६० लावलाय." मॉडेल नंबर तोच, माल स्टॉकमध्ये, किंमतही बँकेच्या कार्डाची सूट धरून नव्हती. (ती सूट बघायचीच, तो भाव आपल्याला जुळवता येत नाही.) दिला.

आता हिशोब. १८ टक्के जीएसटी वगळला तर माझी विक्री २००० वरून १८०० वर आली. खरेदी १७००ची. म्हणजे भाव दहा टक्के उतरवला आणि नफा ३००चा १०० झाला. भाडं, लाईटबिल अजून त्यातूनच जायचंय.

खरा फटका मात्र परताव्याचा. कालच एक हेडफोन "आवडला नाही" म्हणून परत आला. सील फुटलेलं, कानाच्या गाद्यांना तेल. पूर्ण पैसे दिले. आता तो जेमतेम जीएसटी धरून १४१६ला जाईल, म्हणजे माझे ५०० गेले. आजच्यासारख्या पाच विक्र्या त्यातच संपल्या!

म्हणून आज पाटी बदलली: सील शाबूत असेल तर सात दिवसांत पैसे परत, उघडलेला माल फक्त बिघाड असेल तरच. भाव मात्र जुळवत राहणार. तो मुलगा जाताना चार्जिंग केबलही घेऊन गेला, आणि केबलमध्ये मार्जिन बरं सुटतं.