कडप्प्यावरचा डाग

«मॅडम, चिंचेचं पाणी प्यायलं की पोट साफ होतं, अंगातली उष्णता जाते, असं सगळे सांगतात. पण मला ॲसिडिटी आहे आणि दातांनाही पाणी लागतं. मग प्यावं का नको?»

दातांचा त्रास असेल तर जेवणासोबत फुलपात्रभर, तेही एका बैठकीत संपवून, चालेल. ॲसिडिटी चालू असेल, म्हणजे छातीत जळजळ होत असेल किंवा घशाशी आंबट पाणी येत असेल, तर सध्या नको. एवढं उत्तर मी खुर्चीत बसलेल्या माणसाला रोज देते. सांगलीत दाताचा दवाखाना चालवायचा म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत हा प्रश्न ठरलेलाच. पण नुसतं 'नको' म्हटलेलं कुणी ऐकत नाही. आमच्या घरच्यांनीही ऐकलं नव्हतं, म्हणून त्यांचीच गोष्ट सांगते.

माझे चुलते आबा मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात आहेत. हळदीचा सीझन ऐन उन्हाळ्यात. दुकानात पत्रा तापलेला, हवेत हळदीची धूळ आणि घसा सतत कोरडा. त्यामुळे काकू रोज सकाळी दोन लिटरची बाटली भरून देत. लिंबाएवढ्या दोन चिंचा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, कोळ काढून गाळायचा, मग गूळ, मीठ आणि जिरेपूड. आमच्या खटावकडच्या घरी याला चिंचवणी म्हणायचे. आबा दहा वाजता पहिला घोट घेत आणि पाच वाजता शेवटचा. मधल्या वेळात दर दहा-पंधरा मिनिटांनी एक-एक घोट. रात्री जेवण झालं की 'पचायला' म्हणून आणखी एक मोठा ग्लास, आणि लगेच अंथरुणावर.

गेल्या वर्षी ते म्हणाले, "दातांना पाणी लागतंय गं." मी हिरडीजवळ बघितलं, संवेदनशील दातांची पेस्ट दिली आणि मोकळी झाले. घरचा पेशंट म्हणून मी नीट तपासलंच नाही, हे कबूल करते. या मार्चमध्ये ते पुन्हा आले तेव्हा आरसा आत घालून बघितलं आणि माझीच मला लाज वाटली.

वरच्या पुढच्या दातांचा बाहेरचा भाग गुळगुळीत आणि चपटा झाला होता, कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या, आणि आतलं पिवळं डोकावत होतं. हे प्यायच्या आंबटाचं काम. पण त्याच दातांची टाळ्याकडची बाजूही खोलगट झाली होती. मागच्या एका दाढेतलं चांदीचं जुनं फिलिंग आजूबाजूच्या दातापेक्षा वर आलं होतं, जणू पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला दगड. फिलिंग वाढत नाही, भोवतालचा दात खाली गेलेला असतो. टाळ्याकडची बाजू झिजली की मी पहिल्यांदा पोटाबद्दल विचारते, कारण खालून वर आलेलं ॲसिड तिथेच आपटतं.

"आबा, सकाळी तोंड आंबट असतं का?"

"असतं की. पण मी गोळी घेतो ना."

"कधी?"

"नाश्ता झाल्यावर."

आता दाताचं आधी सांगते. तुमच्या ओट्यावर कडप्पा असेल तर चिंचेचं पाणी सांडून तासभर राहिल्यावर काय होतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. पुसल्यावर तिथे पांढरट, निस्तेज डाग राहतो. हात फिरवला की खरखरीत लागतो आणि कितीही घासला तरी जात नाही. तो डाग बसलेला नसतो, दगडाचा वरचा थर आंबटात विरघळून गेलेला असतो. कडप्पा चुनखडीचा दगड, दाताचं वरचं आवरणही कॅल्शियमचंच. इनॅमल त्याहून पुष्कळ कठीण असतं, पण तोंडातला पीएच साडेपाचच्या खाली गेला की तेही विरघळायला लागतं. चिंचेच्या पाण्याचा पीएच तीनच्या आसपास असतो.

इथे दोन गैरसमज पक्के बसलेत. एक, गूळ घातला की आंबटपणा मरतो. मरत नाही, फक्त जिभेला कळेनासा होतो. ॲसिड जिथल्या तिथे असतं, वर साखरेची भर पडते, आणि किडीच्या जंतूंना ती आवडतेच. दुसरा, पातळ केलं की झालं. चिंचेतलं टार्टारिक ॲसिड सौम्य प्रकारातलं आहे, म्हणून पाणी दुप्पट केलं तरी पीएच जेमतेम हलतो. पातळ केल्याचा फायदा एवढाच की एका ग्लासात ॲसिड कमी जातं आणि लाळेला ते लवकर आवरता येतं.

सगळी मदार या लाळेवर आहे. एक घोट प्यायलात की लाळ तो आंबटपणा धुऊन काढते आणि मऊ पडलेल्या दाताला थोडी खनिजंही परत देते. त्याला साधारण अर्धा तास लागतो. फुलपात्र एकदाच प्यायलं तर दाताला एकदाच मार बसतो. दर पंधरा मिनिटांनी घोट घेतला तर तो अर्धा तास कधी मिळतच नाही. आबांचे दात दिवसाचे सात तास आंबटात भिजत होते. त्यात उन्हानं तोंड कोरडं, म्हणजे लाळही कमी. म्हणून मी सांगते, तहान आधी साध्या पाण्यानं भागवा आणि चिंच जेवणाच्या वेळी घ्या, कारण चावताना लाळ भरपूर सुटलेली असते. नंतर चूळ भरा, पण घासू नका. आंबट प्यायल्यावर तासभर ब्रश नको. आमच्याकडच्या बायका जेवण झालं की मशेरी लावतात, ती तर नकोच नको. मऊ झालेल्या दातावर राखुंडी किंवा मशेरी म्हणजे पॉलिश पेपरच.

"तुझी आजी जन्मभर चिंचवणी प्याली," आबा म्हणाले. खरं आहे. ती वाटीभर घ्यायची, जेवताना, तेही कधीतरी. तिचे दात झिजलेच होते, पण मशेरीनं. आम्ही ते विसरतो.

आता पोट. पोट साफ होतं हे खोटं नाही. चिंचेतल्या टार्टारिक ॲसिडचा आणि त्याच्या क्षारांचा बराच भाग आतड्यात शोषला न जाता राहतो आणि पाणी ओढून घेतो, म्हणून शौचाला सैल होते. याला सारक म्हणतात, पण हे अन्न पचवणं नव्हे. आंबटानं तोंडाला पाणी सुटतं, भूक लागल्यासारखं वाटतं, ते वेगळं. जास्त प्यायलं तर सरळ जुलाब होतात, आणि आधीच जुलाब चालू असतील तर हे पाणी देऊच नये. उष्णतेचं म्हणाल तर अंगाला बरं वाटतं ते पाण्यानं, मिठानं आणि गुळानं. आयुर्वेदात पिकलेली चिंच सारक आणि भूक वाढवणारी सांगितली आहे, पण उष्ण गुणाचीही सांगितली आहे. 'थंड' म्हणून पिणाऱ्यांनी एखाद्या वैद्यांना विचारून बघावं.

ॲसिडिटीत घोळ होतो तो गोळीमुळे. आबा घेत होते ती पॅन्टोप्राझोल. ही गोळी जठराला ॲसिड तयार करण्यापासून अडवते. वरून ओतलेल्या ॲसिडचं ती काही करू शकत नाही. शिवाय ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, नाश्त्यानंतर घेतली की तिचा परिणाम कमी होतो. आणि मुख्य गोष्ट, जळजळ जठरात नसते, अन्ननलिकेत असते. जठराला जाड अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही. तिच्या खालच्या टोकाची झडप सैल असली की जठरातलं वर येतं. भरल्या पोटावर मोठा ग्लास आणि वर लगेच आडवं होणं म्हणजे झडपेवर सगळा भार टाकणं. आधीच सोललेल्या अन्ननलिकेवरून चिंच जाताना झोंबते, ती वेगळीच. काकू त्यात हौसेनं पुदिनाही घालत. पुदिना ती झडप आणखी सैल करतो.

मी आबांना पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळीची वेळ बदलली आणि रात्रीचा ग्लास बंद केला. जेवण आठच्या आत घ्यायचं, मग तीन तास झोपायचं नाही, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. नुसत्या दोन उशांनी मान वाकते, पोट दाबलं जातं, म्हणून सगळा पलंगच वर करायचा. दोन महिन्यांत सकाळचं आंबट तोंड गेलं. मी मागच्या तीन दातांवर कॉम्पोझिट भरलं, फ्लोराईडची पेस्ट चालू केली. पुढच्या दातांचं इनॅमल गेलं ते गेलं, ते परत उगवत नाही. थंड पाणी अजून थोडं लागतं.

ज्यांना गिळताना अन्न अडकतं, वजन उतरतंय, शौच डांबरासारखी काळी होतेय किंवा उलटीत रक्त दिसतंय, त्यांनी चिंचेचा विचार सोडून आधी डॉक्टर गाठावा. छातीत दुखून घाम फुटला तर त्याला ॲसिडिटी समजून घरी थांबू नये. मधुमेह असेल तर गुळाचा हिशेब धरायचाच. किडनीचा आजार असणाऱ्यांनी चिंचेतल्या पोटॅशियमबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आबा आता दुपारच्या भाकरीबरोबर एक फुलपात्र चिंचवणी घेतात आणि बाटलीत साधं पाणी असतं. परवा दुकानातून फोन आला, "कोकम चालेल का गं दिवसभर?" तेही आंबटच, तोच हिशेब. मग म्हणाले, ताक? ताक प्या म्हटलं. तेही आंबट आहे, पण त्यात कॅल्शियम आधीच भरपूर असल्यानं ते दातातून ओढून घेत नाही. फक्त रात्री नको.